कांदा, पाऊस आणि पुरवठ्याची रेघ

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने खरीप कांदा शेतातच सडला आणि किरकोळ बाजारात किलोचा भाव शंभरीपार गेला. ही गोष्ट आलेखावर मांडताना एक चूक हमखास होते. पावसामुळे पुरवठा वक्र डावीकडे नेला जातो, ते बरोबरच. पण मग ‘भाव वाढला म्हणजे पुरवठाही वाढणार’ असं म्हणून तोच वक्र पुन्हा उजवीकडे आणला जातो.

पुरवठा वक्र म्हणजे कोणत्या भावाला किती माल विकायला येईल, याची पूर्ण यादी. भाव उभ्या अक्षावर आधीच मोजलेला असतो. म्हणून तो बदलला की आपण त्याच रेघेवर वर-खाली सरकतो. पाठ्यपुस्तकात याला विस्तार आणि संकोच म्हणतात. रेघ जागची हलायला कारण भावाबाहेरचं लागतं: पाऊस, मजुरी, बियाण्याचा खर्च.

एक काल्पनिक बाजार घेऊ. किलोला 20 रुपये भाव असताना 200 क्विंटल कांदा येतो आणि तेवढाच खपतो. पावसानंतर प्रत्येक भावाला 80 क्विंटल माल कमी येऊ लागला, म्हणजे संपूर्ण रेघ 80 ने डावीकडे गेली. आता 20 रुपयांना 120 क्विंटलच आहे, गिऱ्हाईक मात्र 200 चं. या ओढाताणीत भाव चढतो आणि समजा, 24 वर थांबतो. चढत्या भावामुळे आवक 120 वरून 160 होते आणि मागणी 200 वरून 160 वर येते. रेघ एकदाच हलली. नंतरची 40 क्विंटलची वाढ नव्या रेघेवरचा प्रवास आहे. आपली आकृती तपासायची सोपी खूण म्हणजे कारण एक असेल, तर हललेला वक्रही एकच हवा.

दुसरी चूक डोळ्यांची आहे. पुरवठा ‘घटला’ म्हणून रेघ खाली ओढली जाते. पण चढती रेघ खाली ओढली की ती उजवीकडेही जाते आणि त्याच भावाला जास्त माल दाखवते. म्हणून बाण नेहमी आडवा काढावा. जुन्या छेदबिंदूपासून नव्याकडे काढलेला तिरका बाणही फसवा, कारण तो मागणीच्या रेघेवरून जातो.

एका ठिकाणी मात्र भावही रेघ हलवतो. पुढच्या महिन्यात कांदा महागेल असं वाटून शेतकऱ्याने उन्हाळ कांदा चाळीतच ठेवला, तर आजच्या प्रत्येक भावाला आवक घटते आणि आजची रेघ डावीकडे जाते. कारण आजच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर आजचा भाव असतो, उद्याचा नसतो.