टीम एक, मॅनेजर दोन

समजा, पुण्यातली 40 जणांची सॉफ्टवेअर कंपनी 400 जणांच्या कंपनीने विकत घेतली. छोट्या कंपनीत ‘मॅनेजर’ म्हणजे तिघांना सोबत घेऊन स्वतःही कोड लिहिणारा. मोठ्या कंपनीतला मॅनेजर बारा जणांचं अप्रेझल करतो, भरतीवर सही करतो, बजेट सांभाळतो. नावाला नाव जुळवलं, तर मोठ्या कंपनीतले टीम लीड बिथरतात. पद खाली आणलं, तर छोट्या कंपनीतला अनुभवी माणूस दुसरीकडे मुलाखती द्यायला लागतो.

म्हणून पदाचं नाव बाजूला ठेवून कामाबद्दल विचारायचं. हाताखाली किती जण आहेत? किती रकमेपर्यंतचा खर्च स्वतःच्या सहीने होतो? काम बिघडलं तर जाब कोणाला विचारतात? या उत्तरांवरून आपला मॅनेजर टीम लीडच्या ग्रेडमध्ये बसतो. त्याचा पगार मात्र कमी करायचा नाही, आणि ग्राहकांना माहीत असलेलं जुनं पद कार्डावर वर्षभर राहू द्यायचं. हे त्याला समोर बसवून सांगायला हवं. एचआरच्या मेलमधून कळलं, तर तो अपमानच वाटतो.

पदांची जुळवणी दोन-तीन महिने चालली तरी चालेल, पण आपला बॉस कोण, हे पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे. काम वाटणारा, रजा मंजूर करणारा आणि अप्रेझल करणारा माणूस एकच हवा. ‘काम जुने साहेब बघतील, अप्रेझल नवे’ ही तडजोड कोणालाच दुखवत नाही, म्हणून सगळ्यांना आवडते. पण लोक रजेचा मेल दोघांनाही पाठवू लागले, की समजावं, खरा साहेब कोण हे त्यांना कळलेलं नाही.

ज्येष्ठतेचा प्रश्न लांबला की काय होतं, ते एअर इंडियाने दाखवलं. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन झाली. दोन्हीकडे बढतीचा वेग वेगळा होता आणि वैमानिकांची ज्येष्ठता वर्षानुवर्षं वादात राहिली. ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं, यावरून मे 2012 मध्ये मूळ एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. संप जवळपास दोन महिने चालला.

रोजच्या सवयींत मात्र घाई नको. छोट्या कंपनीत दुरुस्ती फोनवर ठरते, मोठ्या कंपनीत तिकीट उघडल्याशिवाय कोणी कोडला हात लावत नाही. जिथे दोन्ही टीमचं काम एकमेकांवर अवलंबून आहे, तिथे पद्धत एकच हवी: रात्री सर्व्हर बंद पडला तर पहिला फोन कोणाला, नवं व्हर्जन कोणत्या दिवशी सोडायचं. सकाळची मीटिंग उभ्याने घ्यायची की बसून, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि जिथे पद्धत एक करायची, तिथे एखादी तरी छोट्या कंपनीची उचला. सगळ्याच मोठ्या कंपनीच्या आल्या, तर जी माणसं मिळावीत म्हणून कंपनी विकत घेतली, तीच आधी राजीनामा देतील.