चार पोल, पण घ्यायचे दोनच

मागच्या भागात आपण रेसिड्यू कसा काढायचा ते पाहिलं. आज त्याचा उपयोग करून एक साधं दिसणारं इंटिग्रल सोडवू.

बी.एस्सी.ला असताना हेच गणित मी परीक्षेत सोडवलं आणि उत्तर लिहिलं शून्य. पायऱ्या नीट होत्या, आकडेमोडही बरोबर होती. पण फलन सगळीकडे धन असताना त्याखालचं क्षेत्रफळ शून्य येईलच कसं? हा प्रश्न मला पेपर देऊन बाहेर आल्यावर पडला. तुम्हाला तो आतच पडावा, म्हणून हेच उदाहरण घेतो.

I = ∫ dx/(x⁴ + 1), x = −∞ पासून +∞ पर्यंत

नेहमीच्या पद्धतीनं गेलात तर आंशिक अपूर्णांक, लॉग, टॅन इन्व्हर्स, असं पानभर काम आहे. त्याऐवजी x च्या जागी संमिश्र संख्या z घेऊ. वास्तव अक्षावर −R पासून R पर्यंत जायचं आणि वरच्या बाजूनं R त्रिज्येच्या अर्धवर्तुळावरून परत −R ला यायचं. ही झाली बंद वाट, घड्याळाच्या उलट दिशेनं. कोशीचं रेसिड्यू प्रमेय सांगतं की या वाटेवरचं इंटिग्रल म्हणजे 2πi गुणिले आत सापडलेल्या पोलांच्या रेसिड्यूंची बेरीज.

पण आपल्याला फक्त सरळ रेघेवरचा भाग हवा आहे. मग कमानीचं काय? कमानीवर |z| = R असतो, म्हणून |z⁴ + 1| किमान R⁴ − 1 असतो. कमानीची लांबी πR. म्हणजे कमानीचा वाटा πR/(R⁴ − 1) पेक्षा जास्त असू शकत नाही. R = 10 घेतला तरी हा आकडा 0.0032 पेक्षा कमी. R वाढवत नेला की तो शून्याकडे जातो आणि उरतं ते आपलं I.

आता पोल. z⁴ = −1 ची मुळं चार:

(1 + i)/√2, (−1 + i)/√2, (−1 − i)/√2, (1 − i)/√2

पहिली दोन वास्तव अक्षाच्या वर, उरलेली दोन खाली. आपली वाट वरून गेली आहे, म्हणून पहिली दोनच आत आहेत. मी नेमकी इथे चूक केली होती. मुळं चार मिळाली म्हणून चारही घेतली. या चौघांच्या रेसिड्यूंची बेरीज शून्य होते, त्यामुळे माझं उत्तरही शून्य आलं.

एखाद्या मुळाला a म्हणू. पोल साधा आहे, म्हणून रेसिड्यू म्हणजे 1 भागिले छेदाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे 1/(4a³). इथे एक सोय आहे. a⁴ = −1 असल्यामुळे वर-खाली a नं गुणलं की 1/(4a³) = −a/4 होतं. घन करत बसायला नको.

वरच्या दोन मुळांची बेरीज 2i/√2, म्हणजे i√2. म्हणून रेसिड्यूंची बेरीज −i√2/4. आणि

I = 2πi × (−i√2/4) = π√2/2 = π/√2

म्हणजे साधारण 2.22.

हे पटण्यासारखं आहे का, तेही पाहू. −1 ते 1 मध्ये फलन 1/2 आणि 1 च्या दरम्यान असतं, म्हणून तिथलं क्षेत्रफळ 1 ते 2 मध्ये. त्या बाहेर फलन 1/x⁴ पेक्षा लहान आहे, म्हणून दोन्ही बाजू मिळून 2/3 पेक्षा कमी. तेव्हा उत्तर 1 आणि 2.67 च्या मध्ये हवं. 2.22 त्यात बसतं, शून्य बसत नाही. माझ्या पेपरात ही तीन ओळींची तपासणी असती तर चूक तिथेच सापडली असती.

आता ही पद्धत कुठे चालत नाही? छेदाची घात अंशापेक्षा निदान 2 नं जास्त हवी. x/(x² + 1) घ्या. इथे फरक फक्त 1 चा. z = i चा रेसिड्यू 1/2, म्हणून 2πi नं गुणून πi येतं. वास्तव फलनाचं इंटिग्रल काल्पनिक आलं, म्हणजे काहीतरी बिघडलं. बिघडलं ते कमानीवर. तिथे हे फलन जवळजवळ 1/z सारखं वागतं, म्हणून R कितीही वाढवला तरी कमानीचा वाटा πi कडेच जातो, नाहीसा होत नाही. शिवाय हे इंटिग्रल दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे अभिसारीही नाही.

दुसरी अट अशी की वास्तव अक्षावरच पोल नको. 1/(x⁴ − 1) मध्ये x = 1 आणि x = −1 हे पोल वाटेवरच येतात. तिथे हे प्रमेय असं सरळ लावता येत नाही.

पुढच्या भागापर्यंत x²/(x⁴ + 1) सोडवून ठेवा. मुळं तीच आहेत, अंश बदलला आहे. उत्तर पुन्हा π/√2 च यायला हवं. तसंच का येतं, हे x च्या जागी 1/x घालून बघा.