फराळाची जाहिरात : सात दिवसांचं टाचण

मंडळी, दिवाळीचा फराळ करून विकणारे बचत गट आता गावोगाव आहेत. माल उत्तम असतो, पण त्याची वार्ता गिऱ्हाइकाला उशिरा पोचते. वसुबारसेच्या सकाळी कुणीतरी फोनवर सगळ्या पदार्थांची छायाचित्रं एकदम धाडून देतं. तोवर शहरातल्या घरांचे डबे भरलेले असतात! म्हणून आज, कोणत्या दिवशी कोणता मजकूर किती वाजता पाठवायचा, ते सांगतो.

या कामात पहिली गोष्ट अशी की दिवस सणापासून मागे मोजायचे. उदाहरणाला २०२५ सालची दिवाळी घेऊ. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी होती. समजा, दहा बायकांचा एक गट आहे आणि त्यांना आदल्या दिवशी, गुरुवारी, तालुक्याच्या गावी डबे पोचवायचे आहेत. म्हणजे बुधवारी तळण संपलं पाहिजे, आणि मागणी मंगळवारी रात्रीच बंद झाली पाहिजे. अशा रीतीनं मागं येत आपण ११ तारखेच्या शनिवारी पोचतो. तिथून आपले सात दिवस सुरू.

पण अनारशांचा हिशेब निराळा. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते सावलीत सुकवून, कुटून, चाळून, गुळात मळायचे. आणि ते पीठ पुढं चार-पाच दिवस मुरायला हवं. म्हणजे तांदूळ महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच भिजत पडले पाहिजेत. मागणी वाढली म्हणून ऐनवेळी अनारसे वाढवता येत नाहीत. घाईनं कच्चं पीठ तळायला घ्याल, तर अनारसा तुपात हसेल, आणि गिऱ्हाईकही हसेल! चकलीची भाजणी मात्र दोन दिवसांत भाजून दळून होते. म्हणून जो पदार्थ वाढवता येत नाही, त्याची वार्ता आधी द्यायची, आणि जो वाढवता येतो, त्याची मागून.

आता दिवस लावू. शनिवारी रात्री आठला पदार्थ, वजन, दर, मागणीचा शेवटचा दिवस आणि फोन क्रमांक, एवढंच. रविवारी सकाळी दहाला अनारसे : मुरलेल्या पिठाच्या गोळ्यांचं छायाचित्र आणि ‘इतकेच किलो होतील’ हा स्पष्ट आकडा. रविवार एवढ्यासाठी, की घरची माणसं एकत्र असतात आणि किती घ्यायचं ते तिथल्या तिथं ठरतं. सोमवारी दुपारी दोनला, बायकांची कामं आटोपल्यावर, चकलीची भाजणी. मंगळवारी नवा विषय नाही; सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला एकच आठवण : ‘आज रात्री मागणी बंद.’ बुधवारी दुपारी, करंज्या तळताना, फराळ टिकवायचा कसा ते सांगा : गरम पदार्थ डब्यात झाकू नये, वाफेनं तो मऊ पडतो. गुरुवारी सकाळी सातला डबे कुठं आणि किती वाजता मिळतील ते. शुक्रवारी दिवेलागणीला, गाय-वासराच्या पूजेच्या वेळी, फक्त शुभेच्छा. त्या दिवशी विक्रीचा शब्दही नको.

या वेळा गिऱ्हाइकाच्या सवडीच्या आहेत, आपल्या नव्हेत. तुमचं गिऱ्हाईक निराळं असेल तर वेळाही बदलतील. त्या ओळखायच्या कशा? मागच्या खेपेला मागणीचे फोन कोणत्या वेळी आले ते वहीत मांडून पाहा. उत्तर तिथंच सापडेल.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपवरचं स्टेटस चोवीस तासांनी पुसलं जातं, आणि ज्यांनी एकमेकांचे क्रमांक जतन केले आहेत त्यांनाच ते दिसतं. ब्रॉडकास्ट यादीतला संदेशही, ज्याच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक आहे त्यालाच पोचतो. तेव्हा डबा देतानाच ‘आमचा नंबर नावानिशी ठेवा’ असं सांगून टाका.

आपलं चुकतंय हे कळायचं कसं? तिघांनी एकच प्रश्न विचारला, तर ती गोष्ट मजकुरात राहून गेली आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी ती घाला. पाहणारे पुष्कळ आणि मागणी नाही, तर दर किंवा शेवटची तारीख दिसत नसेल. अनारशांचा आकडा भरला, की त्याच घटकेला ‘अनारसे संपले’ असं लिहा. नाहीतर घेतलेली मागणी परत करायची पाळी येते, आणि ते गिऱ्हाईक पुढल्या वर्षी येत नाही.

गुरुजींनी एवढं करावं : फळ्यावर सात रकाने आखून त्यांत वार, विषय, वेळ आणि पाठवणारीचं नाव गटाकडून भरून घ्यावं. तळणाच्या गर्दीत कुणालाच आठवत नाही. ज्या रकान्यात नाव नाही, त्या दिवशीचा मजकूर हमखास राहून जातो.