ताई, येताना बूट आणशील का?

डिसेंबरात अमेरिकेहून कुणी येणार असं कळलं, की घरातून निरोप जायला लागतात. ‘ताई, बाबांसाठी चालायचे चांगले बूट आण, ८ नंबर.’ पाठवणाऱ्याला वाटतं, सगळं सांगून झालं. पण न्यू जर्सीत एडिसनच्या दुकानात उभ्या असलेल्या ताईला या निरोपावरून बूट घेता येत नाहीत. घेतलेच, तर ते बहुधा बाबांच्या पायात शिरत नाहीत.

गोम त्या ‘८’मध्ये आहे. आपल्याकडे बुटांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. अमेरिकेत पुरुषांच्या बुटांचा नंबर त्याहून पुढे चालतो. नायकी, एसिक्स, ब्रुक्स यांच्याकडे हा फरक एक नंबराचा, तर आदिदास आणि न्यू बॅलन्सकडे अर्ध्या नंबराचा असतो. एक नंबर म्हणजे एकतृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. आपला ८ नंबर ताईने तिथला ८ समजून घेतला, तर बूट तेवढा आखूड येतो आणि अंगठा पुढे टेकतो. त्यात बायकांच्या बुटांचे नंबर आणखी वेगळे. नायकीचा पुरुषांचा ९ हा २७ सेंटिमीटरचा, तर बायकांचा ९ हा २६ सेंटिमीटरचा. म्हणून ‘पुरुषांचा’ की ‘बायकांचा’ हेही लिहावं लागतं.

या गोंधळात एकच आकडा स्थिर राहतो, तो सेंटिमीटरचा. अमेरिकेतला पुरुषांचा ९ नंबर वर सांगितलेल्या सगळ्या कंपन्यांकडे २७ सेंटिमीटरचा आहे. पण तोच बूट नायकीच्या लेबलवर ब्रिटिश ८ असतो आणि न्यू बॅलन्सच्या लेबलवर साडेआठ. खोक्यावरच्या आणि बुटाच्या जिभेमागच्या लेबलवर US, UK, EU आणि CM असे चारही आकडे छापलेले असतात. निरोपात चारही द्यावेत, आणि शेवटी मेळ घालताना CM पाहावा.

आता बाबांचंच उदाहरण घेऊ. संध्याकाळी, पाय दिवसभरात थोडे फुगलेले असताना, मोजे घालून त्यांना कागदावर उभं करायचं. टाच भिंतीला टेकवायची आणि पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची. दोन्ही पाय मोजायचे, कारण ते सहसा अगदी सारखे नसतात, आणि मोठ्या पायाचं माप धरायचं. समजा डावा २६.१ आणि उजवा २६.४ आला. तक्त्यानुसार हा २६.५ चा, म्हणजे अमेरिकन साडेआठचा पाय. पण घरात बाबांचे न्यू बॅलन्सचे जुने, मापात बसणारे बूट आहेत आणि त्यांच्या लेबलवर २७ लिहिलंय. अशा वेळी पट्टीपेक्षा जुन्या बुटाचं ऐकावं. पुढे अंगठाभर जागा सोडून कोणता बूट सोयीचा पडतो, ते त्यानेच दाखवून दिलेलं असतं. मात्र हा नियम त्याच कंपनीपुरता. कंपनी बदलली तर पायाचं माप आणि जुन्या बुटाचा CM असे दोन्ही आकडे कळवावेत.

लांबीइतकीच महत्त्वाची रुंदी, आणि निरोपातून नेमकी तीच राहून जाते. अमेरिकेत पुरुषांच्या बुटांची नेहमीची रुंदी D, रुंद पायासाठी 2E आणि फारच रुंद पायासाठी 4E. बायकांमध्ये नेहमीची B आणि रुंद D. म्हणजे तेच अक्षर दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतं. रुंद हवा की नको, हे जुना बूट सांगतो. करंगळीच्या बाजूला वरचं कापड तळव्याबाहेर लोंबत असेल किंवा तिथेच फाटलं असेल, तर रुंदी कमी पडतेय. अशा वेळी अनेक जण एक नंबर मोठा बूट घेतात. मग पंजा सैल होतो, पण टाच चालताना वर उचलली जाते आणि घासून फोड येतो. खरा उपाय म्हणजे लांबी तीच ठेवून रुंदी वाढवणं.

मॉडेलच्या नावापुढचा आकडाही सोडू नये. 880v13 आणि 880v14 हे एकाच बुटाचे दोन अवतार आहेत. तळवा, बांधणी आणि किंमत बदलू शकते. नवा आला की जुना अनेकदा स्वस्त होतो, म्हणून जुना चालेल का हेही आधीच सांगून टाकावं.

घड्याळाच्या बाबतीत वेगळीच फसगत होते. पाठीवर कोरलेला क्रमांक पाहून तोच कळवला जातो. सेको ५ च्या एका लोकप्रिय घड्याळाच्या पाठीवर 4R36-07G0 असं लिहिलेलं असतं. ही आतल्या यंत्राची आणि केसची खूण आहे; दुकानात ते SRPD55 या नावाने मिळतं. कॅसिओच्या पाठीवर चौकटीतला क्रमांक मॉड्यूलचा असतो, मॉडेल शेजारी वेगळं लिहिलेलं असतं. मॉडेलच्या शेवटची अक्षरं आणि आकडेही गाळू नयेत, रंग अनेकदा त्यांतूनच कळतो. केसचा व्यास मिलिमीटरमध्ये पाहावा: SRPD55 हे साडेबेचाळीस मिलिमीटरचं आहे आणि बारीक मनगटावर ते मोठं दिसेल. धातूचा पट्टा तिथे कमी करून घेऊ नये. इथला घड्याळजी कड्या काढून देतो, आणि जास्तीच्या कड्या खोक्यात असाव्यात.

रेडिओ लहरींवरून आपोआप वेळ जुळवणारी कॅसिओची घड्याळं मागवताना विचार करावा. त्यांना वेळ देणारी केंद्रं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत आहेत. भारतात तसं केंद्र नाही, त्यामुळे ज्या सोयीसाठी जास्त पैसे द्यायचे तिचा इथे भरवसा धरता येत नाही. वॉरंटी भारतात चालते का, हेही घेण्याआधीच विचारावं.

पैशांचा हिशेब असा. अमेरिकेत किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो, तो बिलात वर लागतो. न्यू जर्सीत कपडे आणि पादत्राणांवर हा कर नाही, घड्याळावर मात्र आहे. म्हणून ताईला मर्यादा सांगताना ‘करासकट इतके डॉलर’ असं लिहावं. मुंबईत उतरल्यावर कस्टम्सची सवलत प्रवासीनिहाय असते. २०१६ च्या नियमांत भारतीय प्रवाशाला ती ५० हजार रुपयांची होती आणि दोघांची सवलत एका वस्तूसाठी एकत्र धरता येत नव्हती. मर्यादा बदलत असते, म्हणून महागडं घड्याळ मागवण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहावा. ताईने बिल जवळ ठेवावं आणि वस्तू मर्यादेबाहेर असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन ती जाहीर करावी. भुर्दंड तिच्या माथी येऊ नये, ही आपली जबाबदारी.

एवढं कळल्यावर निरोप असा होतो:

‘ताई, बाबांसाठी न्यू बॅलन्स 880v14, पुरुषांचे. US 9, UK 8.5, EU 42.5, CM 27. रुंदी 2E, D नको. रंग काळा किंवा राखाडी. v13 स्वस्त असेल तर तोही चालेल. करासकट १५० डॉलरच्या वर असतील तर घेऊ नकोस. जुन्या बुटाच्या लेबलचा फोटो सोबत आहे. खोकं आणू नकोस, फक्त त्यावरच्या लेबलचा फोटो काढ. बॅगेत जागा नसेल तर राहू दे. पैसे तू आलीस की देतो.’

हा निरोप निघायच्या आदल्या दिवशी पाठवू नये. निदान तीन आठवडे आधी पाठवला तर माल मागवता येतो आणि चुकीचा आला तर तिथेच परत करता येतो. बूट इथे पोहोचल्यावर ती वाट बंद होते. आणि ‘राहू दे’ हे शब्द मनापासून लिहावेत. दुसऱ्याच्या बॅगेतल्या जागेवर आपला हक्क नसतो.