रक्त-आव आणि जुलाब थांबवायची गोळी

गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाचा एक मुलगा आजीच्या कडेवर दवाखान्यात आला. वजन १० किलो. दोन दिवसांपासून ताप आणि दर अर्ध्या तासाला शी, पण प्रत्येक वेळी जेमतेम चमचाभर. आजीने लंगोट पिशवीत घालून आणला होता, हे फार बरं केलं. त्यावर शेंबडासारखी आव होती आणि तिच्यात रक्ताचे लाल धागे. आदल्या संध्याकाळी त्यांनी दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणली आणि पाव तुकडा पाण्यात कालवून पाजला. "रात्री शी थांबली होती हो," आजी म्हणाली, "पण पहाटेपासून पोटच फुगलं."

गोळी लोपरामाइडची होती. मुलगा मलूल पडला होता, पोट ढोलासारखं ताणलेलं. स्टेथोस्कोप टेकवला तर एरवी सतत ऐकू येणारी गुडगुड जवळजवळ नाही. लंगोट मात्र कोरडा, आणि घरच्यांच्या मते हीच सुधारणा.

"शी थांबली म्हणजे जुलाब बरा झाला"

साध्या पाण्यासारख्या जुलाबात लहान आतडं पाणी सोडतं. रक्त-आव हा वेगळा प्रकार आहे. आपल्याकडच्या लहान मुलांमध्ये त्यामागे बहुतेक वेळा शिगेला नावाचा जंतू असतो. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी तो १८९७ मध्ये शोधला. हा जंतू मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत घुसत जातो. अस्तराला जखमा होतात आणि त्यातून रक्त, पू आणि आव येते. म्हणून शी थोडी आणि सारखी होते, पोटात मुरडा येतो आणि मूल कुंथत राहतं.

लोपरामाइड या जखमेला काहीच करत नाही. ते अफूच्या कुळातलं औषध आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर बसून ते आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंद करतं. मग जंतू, पू आणि आतड्यात सुटलेलं पाणी जिथल्या तिथे साचतं. शी दिसत नाही म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, पण शरीरातलं पाणी आतड्यात जाऊन अडकलेलं असतं आणि मूल आतून सुकत जातं. दुखावलेलं मोठं आतडं फुगतं, कधी पूर्ण लुळं पडतं. क्वचित ते इतकं ताणलं जातं की फाटायची भीती असते.

हे काही पुस्तकी भय नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत शिगेलाची लागण झालेल्या प्रौढ स्वयंसेवकांवर डायफेनॉक्सिलेट या अशाच औषधाचा अभ्यास झाला. ते घेतलेल्यांचा ताप जास्त काळ टिकला. पाकिस्तानात १९९० च्या सुमारास तान्ह्या मुलांसाठी लोपरामाइडचे थेंब मिळत. आतडी लुळी पडून काही बाळं दगावली आणि ते थेंब बाजारातून काढावे लागले. २००७ मध्ये मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. लोपरामाइड घेतलेल्या ९२७ मुलांपैकी ८ जणांना गंभीर त्रास झाला, खोटं औषध घेतलेल्या ७६४ पैकी एकालाही नाही. ती आठही मुलं तीन वर्षांच्या आतली होती.

तान्ह्यांमध्ये आणखी एक धोका असतो. मोठ्यांच्या मेंदूत हे औषध सहसा पोचत नाही, कारण मेंदूभोवतीची चाळणी त्याला परत लोटते. लहान बाळात ही राखण कच्ची असते. औषध आत गेलं तर बाळ सुस्त पडतं, बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि श्वास मंदावतो. डायफेनॉक्सिलेटच्या गोळीत ॲट्रोपिनही असतं, ते या वयात आणखी घातक. म्हणून १८ वर्षांखालच्या मुलाला तीव्र जुलाबात ही औषधं देऊच नयेत, असं मार्गदर्शक नियम सांगतात. रक्त असेल तर मोठ्यांनीही ती टाळावीत.

आजीला हे पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. "म्हणजे पूर्वी पोरं निजावीत म्हणून अफूची गोळी देत, तशीच की," त्या म्हणाल्या. अगदी तशीच. बाळगुटीतल्या जायफळाचे दोन वेढे एवढे भयंकर नाहीत, पण जायफळ जास्त उगाळलं तर तेही सुस्ती आणतं. मग मूल आजाराने मलूल आहे की जायफळाने, हे आम्हाला कळेनासं होतं.

"रक्त-आव म्हणजे अमीबा"

हा समज पालकांचा कमी आणि आमच्याच मंडळींचा जास्त, हे कबूल करायला हवं. रक्त दिसलं की मेट्रोनिडाझोल, किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी लिहून द्यायची, ही जुनी सवय आहे. पाच वर्षांखालच्या मुलात अमीबामुळे रक्त-आव होणं तसं विरळच. ताज्या शीत लाल पेशी गिळलेला जिवंत, हलणारा अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तर मेट्रोनिडाझोलला अर्थ आहे. किंवा शिगेलावरची दोन वेगवेगळी योग्य औषधं देऊनही फरक पडला नाही, तर त्याचा विचार करावा. रिपोर्टमध्ये नुसतं 'अमीबाच्या सिस्ट दिसल्या' असं असेल, तर तो पुरावा नव्हे, कारण धडधाकट माणसाच्या शीतही त्या सापडतात. शिगेलावर मेट्रोनिडाझोलचा काडीचाही उपयोग नाही. त्यात गेलेले दोन दिवस वायाच जातात.

"सिप्रोने हाडं खराब होतात, अझिथ्रो तर खोकल्याचं औषध"

पाण्यासारख्या जुलाबात बहुतेक मुलांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस, झिंक, अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण पुरतं. डोळ्यांना रक्त दिसत असेल, मूल आजारी दिसत असेल, तर मात्र शिगेला धरूनच औषध सुरू करायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. संघटनेच्या यादीत पहिलं नाव सिप्रोफ्लॉक्सासिनचं आहे: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. म्हणजे आपल्या १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम.

हाडांची भीती आली ती कुत्र्याच्या पिलांवरच्या प्रयोगांतून. त्यांच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा झाली होती. मुलांमध्ये तीन दिवसांच्या छोट्या उपचाराने तसं कायमचं नुकसान झालेलं दिसलं नाही. म्हणून विनाकारण सिप्रो देऊ नये हे खरं, पण गरज असताना या भीतीपोटी ते अडवूनही ठेवू नये.

मग मी त्या मुलाला सिप्रो का दिलं नाही? कारण हाडं नव्हे, जंतू. भारत आणि बांगलादेशातल्या शिगेलाच्या बऱ्याच वाणांवर सिप्रो आता चालत नाही. प्रत्येक जुलाबाला ते वाटत सुटल्याचं हे फळ. रक्ताचे जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या दुसऱ्या जंतूवरही ते अनेकदा निकामी ठरतं. अझिथ्रोमायसिन या दोघांवरही बऱ्याचदा चालतं, दिवसातून एकदाच द्यायचं असतं आणि चवीला बरं असतं. डोस दर किलोला १० मिलिग्रॅम, चार दिवस. सिप्रो जिथे अजून चालतं, तिथे आधी सिप्रो. जिथे ते बोथट झालं आहे, तिथे अझिथ्रो. सेफिक्झिम हाही पर्याय असतो. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, फार कुपोषित मूल किंवा झटके आलेलं मूल असेल, तर सिरपच्या भानगडीत न पडता रुग्णालयात सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन.

अझिथ्रोबाबत एक मेख आहे. त्याचं सिरप दोन ताकदींत मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतलं ५ मिलिलिटर लागतं, दुसऱ्यातलं अडीच. दुकानदाराने बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहणं एवढं घरच्यांनी जरूर करावं. आणि मागच्या खोकल्याची उरलेली बाटली काढून पाजू नये. अझिथ्रोलाही न जुमानणारा शिगेला आता दिसू लागला आहे, तो असल्याच वापरातून.

"रक्त म्हणजे जंतूच"

इथे थोडक्यात, पण महत्त्वाचं. सहा महिने ते दोन वर्षांचं मूल मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग पाच-दहा मिनिटं गप्प पडतं, पुन्हा किंचाळतं, उलट्या करतं आणि जांभळाच्या गरासारखी लालजांभळी शी करतं, तर एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं. तिथे कोणतंच सिरप उपयोगाचं नाही. त्याच तासाला सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. ताप नाही, पोट अतिशय दुखतंय आणि आधी पाण्यासारखी असलेली शी दोन-तीन दिवसांनी रक्ताची झाली, तर मी अँटिबायोटिकला जरा थांबतो. ई. कोलायची एक विषारी जात असं करते. ती भारतात फारशी सापडत नाही, पण तिच्यात अँटिबायोटिकने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. अशा मुलाची लघवी कमी झाली किंवा चेहरा पांढराफटक पडला, तर रक्ताची तपासणी लगेच. आणि आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, हे विचारायला लाजू नये. मी एकदा विचारायचं विसरलो आणि उगाच सगळं घर घाबरवलं.

आपल्या मुलाचं पुढे काय झालं, तर पोट लुळं असताना तोंडाने औषध देण्यात अर्थ नव्हता. त्याला सलाइन लावलं, शीचा नमुना कल्चरसाठी पाठवला आणि मगच सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला डोस शिरेतून दिला. पहाटे मोठ्याने वायू सरला, पोट मऊ पडलं आणि शी पुन्हा सुरू झाली. आजी घाबरल्या. मी मात्र निवांत झालो. सकाळपासून अझिथ्रो, ओआरएस आणि रोज २० मिलिग्रॅम झिंक सुरू केलं. ४८ तासांनी पाहायचं असतं ते एवढंच: ताप उतरला का, रक्त कमी झालं का, मूल खायला मागतंय का. शीची संख्या सगळ्यात शेवटी कमी होते. यातलं काहीच झालं नसतं, तर औषध बदलावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याने मऊ भात मागून खाल्ला.

पाचव्या दिवशी त्याची चार वर्षांची चुलत बहीण त्याच तक्रारीने आली. शिगेला अंगात जायला १० ते १०० जंतू पुरतात, आणि दोघांना एकाच हाताने भरवलं जात होतं. या वेळी गोळी दिलेली नव्हती. आजींनी झाकणाच्या स्वच्छ डबीत तासाभरापूर्वीची शी आणली होती, औषध सुरू करण्याआधीची. दोघांच्याही कल्चरमध्ये शिगेला फ्लेक्सनेरीच उगवला. सिप्रोपुढे 'प्रतिरोधक' लिहिलं होतं, अझिथ्रोपुढे 'संवेदनशील'.