दुधनीचा डबा सोलापूरला कशाला?

अक्कलकोटच्या आजीला दुधनीच्या नातवाकडे शेंगाचटणीचा डबा पाठवायचाय. दुधनी आग्नेयेला, मैंदर्गीच्या पुढे, साधारण तीस किलोमीटर. पण समजा, आजीने डबा अशा कुरिअरकडे दिला ज्याचं मोठं केंद्र सोलापुरात आहे. मग डबा निघणार थेट उलट्या दिशेला! आधी चाळीस किलोमीटर सोलापूर, मग तिथून दुधनी. शंभराच्या वर किलोमीटर फिरून चटणी पोचणार. वेडेपणाच की!

थांबा, जरा वही घ्या. सोलापूर जिल्ह्यातली तालुक्याची गावं धरू: सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, माढा, करमाळा आणि माळशिरस. झाली 10. प्रत्येक गाव प्रत्येकाशी थेट जोडायचं तर अक्कलकोटचे मार्ग 9, मग बार्शीचे उरले 8, पुढच्या गावाचे 7... बेरीज करा. 45! आणि सगळ्यांनी सोलापूरलाच यायचं ठरवलं तर? फक्त 9.

आता गाड्यांच्या पोटात डोकावू. अक्कलकोटहून रोज प्रत्येक गावाला 20 पार्सलं जातात असं धरा. थेट पाठवायची तर 9 गाड्या, प्रत्येकीत जेमतेम 20 डबे. डिझेल मात्र पूर्ण गाडीचं! सोलापूरमार्गे गेलं तर एकाच गाडीत 180 पार्सलं, आणि परतताना तीच गाडी सगळ्या गावांहून अक्कलकोटला आलेली पार्सलं घेऊन येते. डबा जास्त फिरतो, पण गाड्या कमी फिरतात.

अमेरिकेत 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडरल एक्स्प्रेसने हेच विमानांनी केलं. मेम्फिस शहर मधलं केंद्र, 25 शहरं आणि विमानं फक्त 14. पहिल्या रात्री पार्सलं किती? 186! एवढ्याशा पार्सलांसाठी 25 शहरांच्या 300 जोड्या थेट कोण जोडणार?

पण या पद्धतीत एक खोट आहे. सोलापुरात रात्री सगळ्या गाड्या रिकाम्या होतात, पिनकोड बघून गावागावांचे ढीग लागतात आणि पहाटे गाड्या सुटतात. करमाळ्याची गाडी पंक्चर झाली की पंचाईत. तिची वाट पाहावी तर सगळ्या गावांना उशीर, न पाहावी तर तिची पार्सलं एक दिवस मागे.

म्हणून कुरिअरवाले सहसा एकाच पद्धतीला चिकटून बसत नाहीत. दिवाळीत अक्कलकोटहून पुण्याला जाणाऱ्या फराळानेच गाडी भरत असेल, तर ती सोलापूरच्या केंद्रात रिकामी कशाला करायची? सरळ पुण्याला पळवायची. दुधनीचे डबे मात्र गाडी भरण्याइतके होईपर्यंत सोलापूरमार्गेच.

तुमच्या पार्सलचा प्रवास मोबाइलवर बघता ना? सोलापूर दिसलं तर घाबरू नका. पण सोलापूर, मग सांगोला, मग पुन्हा सोलापूर असं दिसलं, तर समजा, रात्री कुणीतरी आजीचा डबा भलत्याच ढिगात टाकला!