शेडकार्डावरचा गेरू रेंडरमध्ये का बदलतो?

दिवाणखान्याचे संगणकावरील रेंडर पाहून ग्राहक होकार देतो, रंगाचे डबे येतात आणि भिंत रंगवून झाल्यावर लक्षात येते, की चित्रातला गेरू वेगळाच होता. ही तफावत बहुधा रंगाचा आकडा घेतानाच शिरलेली असते.

शेडकार्डाचे छायाचित्र काढून त्यातून रंग टिपला, तर कार्डासोबत तिथल्या दिव्याचा पिवळेपणाही टिपला जातो. रेंडरमधील दिवे त्यावर पुन्हा आपली छटा चढवतात. म्हणून शक्यतो रंगकंपनीने दिलेलाच आकडा वापरावा.

समजा, गेरूच्या छटेचा आकडा #B85C3E आहे. ब्लेंडरमध्ये तो Hex या चौकटीत लिहिला, की भिंत लाल प्रकाशाचा सुमारे ४८ टक्के, हिरव्याचा ११ टक्के आणि निळ्याचा ५ टक्के भाग परत पाठवते. लाल हिरव्याच्या साडेचारपट झाला. मात्र समोरासमोरच्या दोन्ही भिंती गेरूच्या असतील, तर एकीवरून दुसरीवर जाऊन परतलेल्या प्रकाशात हेच प्रमाण वीसपटीवर जाते. म्हणून खोलीचे कोपरे अधिक लालभडक दिसतात. खऱ्या खोलीतही असेच घडते. ही चूक नव्हे.

मग चूक ओळखायची कशी? त्याच आकड्याचा, चकाकी नसलेला एक छोटा चौकोन भिंतीला चिकटून ठेवावा. View Transform मध्ये Standard निवडावे. कारण २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून मूळ निवड असलेले AgX भडक रंग सौम्य करून दाखवते. चौकोन आणि भिंत एकसारखी दिसली, तर भिंतीचा रंग बरोबर आहे. दोन्ही सारखीच लाल दिसत असतील, तर सुधारणा दिव्यांत करावी, आकड्यात नव्हे.

सोफ्याच्या कापडाचे गणित थोडे वेगळे. कापडाच्या छायाचित्रात धाग्यांमधल्या सावल्या आधीच असतात. त्यामुळे ते चित्र आकसून त्याचा सरासरी रंग काढावा. त्यात लाल प्रकाशाचे प्रमाण ४८ ऐवजी ४० टक्के भरले, तर त्या घटकाला १.२ ने गुणावे, हिरव्या-निळ्याचेही तसेच. मग चौकोन सोफ्यावर ठेवून दुरून पाहावे. मखमलीच्या कडा तरीही उजळ दिसतील, कारण तिची लव तिरप्या कोनातून प्रकाश परत फेकते. पॉलिश केलेल्या लाकडावर तर खिडकीचे प्रतिबिंब पडते. तिथे तुलना प्रतिबिंब नसलेल्या भागाशीच करावी.

एवढे करूनही पडदा हा स्वतः प्रकाश देणारा, तर भिंत तो परतवणारी. म्हणून डबे मागवण्यापूर्वी भिंतीवर हातभर पट्टा रंगवून तो सकाळी आणि दिवेलागणीला पाहणे आवश्यकच ठरते.